काचेच्या छताखालील उष्णतेचा हिशोब

‘अपेक्षित सरासरी कौल’, म्हणजे पीएमव्ही, हा माणसाच्या शरीरातील उष्णतेच्या जमाखर्चातून काढलेला आकडा आहे. डेन्मार्कच्या ओले फांगर यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो मांडला. शरीर अन्नातून सतत उष्णता निर्माण करते. ही उष्णता हवेत, भोवतालच्या पृष्ठभागांकडे, श्वासातून आणि घामाच्या बाष्पीभवनातून बाहेर जाते. निर्मिती आणि ऱ्हास यांच्यात जेवढी तफावत राहते, तेवढे माणसाला गरम किंवा गार वाटते. फांगर यांनी प्रयोगशाळेतील शेकडो माणसांच्या अनुभवाशी या तफावतीची सांगड घातली आणि −३ (थंड) ते +३ (गरम) अशा सात पायऱ्यांच्या मापावर मोठा समूह सरासरी कोणता कौल देईल, हे सांगणारे समीकरण बनवले. शून्य म्हणजे ना गार ना गरम.

समीकरणात सहा गोष्टी घालाव्या लागतात. हवेचे तापमान, हवेचा वेग, आर्द्रता आणि सरासरी प्रारण तापमान या चार जागेच्या. अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल या दोन माणसाच्या. कपडे ‘क्लो’मध्ये मोजतात. शर्ट-पँटसाठी ०.६ क्लो धरणे रास्त असते. हालचाल ‘मेट’मध्ये मोजतात. टेबलाशी बसून काम करणाऱ्या माणसाचे १.२ मेट, म्हणजे शरीराच्या दर चौरस मीटरमागे सुमारे ७० वॅट. पीएमव्हीवरून नाराजांची टक्केवारी, म्हणजे पीपीडी, पुढील सूत्राने मिळते:

```
PPD = 100 − 95·exp(−0.03353·PMV⁴ − 0.2179·PMV²)
```

पीएमव्ही शून्य असतानाही पीपीडी ५ टक्क्यांच्या खाली जात नाही, कारण एकाच तापमानावर सगळे खूश होतील असे कधी घडत नाही. आयएसओ ७७३० या मानकात नेहमीच्या इमारतींसाठी पीएमव्ही −०.५ ते +०.५ च्या दरम्यान, म्हणजे पीपीडी १० टक्क्यांच्या आत, असावा अशी अपेक्षा असते.

साध्या कार्यालयात या सहांपैकी सरासरी प्रारण तापमानाकडे फारसे कुणी पाहत नाही. भिंती, छत, फरशी या सगळ्यांचे तापमान हवेच्या आसपासच असते, त्यामुळे हवेचा आकडाच तिथे लिहिला तरी चालून जाते. अनेक मजले उंच आणि वरून काचेने झाकलेल्या चौकात, म्हणजे अॅट्रियममध्ये, ही सवय अंगाशी येते. तिथे हवा २५ अंशांवर असू शकते, काच ४५ अंशांवर, आणि काचेतून आलेले ऊन थेट माणसाच्या मांडीवर. वातानुकूलन यंत्रणेच्या पडद्यावर मात्र एकच आकडा दिसतो, तोही हवेचा.

सरासरी प्रारण तापमानाचा अर्थ असा: माणसाभोवतीचे सगळे पृष्ठभाग एकाच तापमानाचे आहेत अशी कल्पना केली, तर ते किती असायला हवे, म्हणजे माणसाची प्रारणाने होणारी देवघेव प्रत्यक्षातल्याइतकीच राहील. यात कोणता पृष्ठभाग किती गरम आहे याइतकेच, तो माणसाला किती ‘दिसतो’ हेही महत्त्वाचे असते. पृष्ठभागाने व्यापलेल्या दृश्याच्या हिश्शाला दृश्यांक म्हणता येईल. अॅट्रियमच्या हिशोबातली बरीच गुंतागुंत या एका राशीतून सुटते, म्हणून एक उदाहरण आकड्यांनिशी करून पाहणे उपयोगी ठरेल.

पुण्यातील एका चार मजली कार्यालयाचा अॅट्रियम कल्पावा. लांबी १८ मीटर, रुंदी १२ मीटर, फरशीपासून काचेच्या छतापर्यंत उंची १६ मीटर. वेळ मेच्या मध्याची, दुपारी साडेबाराची. पुण्याचे अक्षांश साडेअठरा असल्याने या सुमारास तिथे शून्य सावली दिवस येतो आणि सूर्य नेमका डोक्यावर असतो. काच सौर नियंत्रणाची, पडणाऱ्या सौर ऊर्जेपैकी ३५ टक्के आत सोडणारी. उरलेल्यातील काही ऊर्जा ती शोषते आणि तिची आतली बाजू ४५ अंशांवर पोचते. भिंती आणि सावलीतली फरशी २७ अंशांवर आहेत. तळमजल्याची हवा यंत्रणेने २५ अंशांवर राखली आहे, आर्द्रता ५० टक्के, हवेचा वेग सेकंदाला ०.१ मीटर. स्वागतकक्षातील कर्मचारी ०.६ क्लो कपड्यांत, १.२ मेटवर, चौकाच्या मध्यभागी बसला आहे.

नेहमीच्या सवयीने प्रारण तापमानही २५ धरले, तर पीएमव्ही सुमारे +०.२६ आणि पीपीडी ६ टक्क्यांच्या थोडे वर येतो. कागदावर ही उत्तम जागा आहे.

आता काच हिशोबात घ्यावी. बसलेल्या माणसासाठी मोजमाप फरशीपासून ०.६ मीटरवर करतात. त्या उंचीवर आडवा ठेवलेला एक लहानसा पृष्ठभाग वर पाहत असेल, तर १५.४ मीटर वर असलेले छत त्याच्या दृश्याचा फक्त २२ टक्के भाग व्यापते. बाकी ७८ टक्के दृश्य भिंतींचे. म्हणून वरच्या दिशेचे प्रारण तापमान ४५ नव्हे, तर सुमारे ३१ अंश भरते. सहा दिशांची तापमाने घेऊन, बसलेल्या शरीराच्या आकाराप्रमाणे वर-खाली दिशांना ०.१८, डावी-उजवीला ०.२२ आणि पुढे-मागे ०.३० असा भार देऊन सरासरी काढली, तर सरासरी प्रारण तापमान २८ अंशांच्या जवळ येते. पीएमव्ही +०.६६ आणि पीपीडी १४ टक्के. हवा एका अंशानेही बदललेली नाही, तरी जागा मानकाच्या मर्यादेबाहेर गेली.

एवढ्यावर थांबणारे अहवाल बरेच असतात, आणि इथेच मोठी चूक राहते. काच दोन प्रकारे उष्णता देते. स्वतः तापून ती दीर्घ तरंगांचे प्रारण सोडते. वर हिशोबात घेतले ते हेच. दुसरे म्हणजे सूर्याचे लघु तरंगांचे प्रारण तिच्यातून सरळ आरपार येते आणि ते कोणत्याही पृष्ठभागाच्या तापमानात दिसत नाही. इमारतीच्या संगणकीय प्रतिकृतीतून निघालेले सरासरी प्रारण तापमान पुष्कळदा फक्त पृष्ठभागांच्या तापमानांवर आधारलेले असते. माणसाच्या अंगावर पडलेल्या उन्हाला त्यात जागाच नसते. हे ऊन धरण्याची सोपी पद्धत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील एडवर्ड एरन्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली मांडली. पुढे ती अमेरिकेच्या अॅश्रे ५५ या मानकात घेतली गेली.

या पद्धतीत अंगावर शोषलेली सौर ऊर्जा काढतात आणि सरासरी प्रारण तापमान किती अंशांनी वाढल्यास तेवढाच परिणाम होईल, हे पाहतात. उदाहरणात थेट ऊन दर चौरस मीटरला ८०० वॅट आणि आकाशातून विखुरलेला प्रकाश १५० वॅट धरू. सूर्य डोक्यावर असताना बसलेल्या माणसाचे डोके, खांदे आणि मांड्या एवढाच भाग सूर्यासमोर येतो. शरीराच्या पृष्ठभागाच्या तुलनेत हा प्रक्षेप सुमारे सव्वाबारा टक्के असतो. त्यामुळे थेट उन्हाचा वाटा ९८ वॅट. विखुरलेला प्रकाश आणि फिकट फरशीवरून परतलेले ऊन यांचा वाटा आणखी ३० वॅट. यातले ३५ टक्केच काचेतून येते आणि कपडे-त्वचा मिळून त्यातले साधारण ७० टक्के शोषतात. दीर्घ तरंगांशी तुलना करण्याची दुरुस्ती केल्यावर शरीराच्या दर चौरस मीटरमागे ३३ वॅट उरतात. सरासरी प्रारण तापमानाच्या भाषेत ही जवळजवळ ८ अंशांची वाढ आहे.

म्हणजे २८ चे झाले ३६. पीएमव्ही +१.८ च्या आसपास, पीपीडी ६५ टक्के. हवा अजूनही २५ अंशांवरच आहे.

६ टक्के, १४ टक्के आणि ६५ टक्के ही तिन्ही उत्तरे एकाच खुर्चीची, एकाच वेळची आहेत. फरक केवळ सरासरी प्रारण तापमान किती प्रामाणिकपणे काढले याचा आहे. तक्रार आल्यावर यंत्रणेचे तापमान खाली आणणे हा सर्वांत प्रचलित उपाय, पण या खुर्चीला हवेने न्याय द्यायचा तर हवा दहा-एक अंशांनी खाली न्यावी लागेल. चौकाच्या कडेबाहेर सावलीत बसलेला माणूस त्या हवेत गारठून जाईल. उंच चौकात ओतलेली ती गार हवा तळाशीच साचते, हा वेगळा खर्च.

इथपर्यंत पीएमव्हीने मदत केली. पण त्याच्या रचनेतच एक मर्यादा आहे: तो पूर्ण शरीराचा एकत्र ताळेबंद मांडतो. कडाक्याच्या थंडीत शेकोटीसमोर बसलेल्या माणसाचा चेहरा भाजत असतो आणि पाठ काकडत असते. दोन्हींची बेरीज शून्य आली तरी त्याला आराम वाटत नाही. म्हणून प्रारणातील विषमता वेगळी मोजतात. एकाच ठिकाणी विरुद्ध दिशांना तोंड केलेल्या दोन लहान पृष्ठभागांच्या प्रारण तापमानांतला फरक म्हणजे ही विषमता. फांगर आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात यावर प्रयोग केले. प्रयोगातील माणसांना एकूण शरीराने ना गार ना गरम वाटेल अशा स्थितीत ठेवले आणि फक्त एका दिशेचा पृष्ठभाग तापवला किंवा थंड केला.

त्यातून कळले की दिशांना सारखे महत्त्व नाही. बाजूची गरम भिंत माणूस २३ अंशांच्या विषमतेपर्यंत सहन करतो. थंड भिंतीची मर्यादा १० अंश. थंड छताचा त्रास १४ अंशांपर्यंत जाणवत नाही, पण गरम छताची मर्यादा फक्त ५ अंशांची आहे. डोक्यावरून येणारी उष्णता माणसाला सर्वांत कमी सोसते आणि अॅट्रियमची काच नेमकी डोक्यावर असते. गरम छतासाठी नाराजांची टक्केवारी अशी काढतात:

```
PD = 100 / (1 + exp(2.84 − 0.174·Δt)) − 5.5
```

हे सूत्र विषमता २३ अंशांच्या आत असेल तरच वापरायचे असते. उदाहरणातल्या स्वागतकक्षात, ऊन बाजूला ठेवले तर, वरच्या दिशेचे तापमान ३१.२ आणि खालचे २७. विषमता ४.२ अंश आणि नाराज ५ टक्क्यांच्या आसपास. मर्यादेच्या आत. काच १५ मीटर दूर असल्याने तिचा दृश्यांक लहान राहतो आणि तळमजला वाचतो.

आता त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर, चौकाच्या मधून जाणाऱ्या पुलावर उभ्या माणसाकडे पाहावे. उभ्या माणसासाठी मोजमाप १.१ मीटर उंचीवर होते आणि तिथून छत ३ मीटरवर आहे असे धरू. तेच छत आता दृश्याचा ८७ टक्के भाग व्यापते. वरच्या दिशेचे प्रारण तापमान सुमारे ४३ अंश, पुलाची फरशी २८ अंश, विषमता १५ अंश. सूत्राप्रमाणे नाराजांचे प्रमाण ३९ टक्के.

याच जागी सरासरी प्रारण तापमान काढले की पीएमव्हीची मर्यादा उघड होते. उभ्या शरीराला वरून फार कमी क्षेत्रफळ असते, म्हणून सहा दिशांच्या सरासरीत वरच्या आणि खालच्या दिशांचा भार केवळ ०.०८ धरतात, बाजूंचा ०.२३ आणि पुढे-मागे ०.३५. बाजूच्या दिशांना ३३ अंश धरले तर सरासरीही ३३ च्या जवळच येते. वरच्या ४३ अंशांचा आवाज सरासरीत जवळजवळ विरून जातो. शरीराच्या एकूण जमाखर्चासाठी हे भार योग्यच आहेत. डोक्याला होणारा त्रास मात्र त्यांत मावत नाही. हवा आणखी नऊ-एक अंशांनी थंड करून या पुलावरचा पीएमव्ही कागदावर शून्याकडे आणता येईल; विषमता तरीही १५ अंशच राहील. शिवाय वरच्या मजल्यावर हवा २५ अंशांवर राखणे हेच मुळात कठीण. गरम हवा काचेखाली साचते, त्यामुळे प्रत्यक्ष स्थिती या हिशोबापेक्षा वाईट असते.

विषमतेचा आकडा एकटा वाचणेही धोक्याचे. तळमजल्याच्या फरशीवर ऊन पडून ती २७ वरून ३१ अंशांवर गेली, तर वर आणि खाली यांतला फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि विषमतेची कसोटी आरामात पार पडते. माणसाला मात्र आता खालूनही भाजते. उलट, फरशीतून थंड पाणी फिरवून ती २० अंशांवर आणली तर विषमता ११ अंशांवर जाऊन मर्यादा ओलांडते, पण फरशीवर पडलेले ऊन हवा तापवण्याआधीच पाण्यात उचलले जाते आणि पीएमव्ही सुधारतो. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर, २००६ पासून, अवाढव्य काचेच्या दालनांत फरशी थंड करण्याचीच पद्धत वापरली आहे. अशा ठिकाणी दोन्ही आकडे शेजारी ठेवून, माणूस तिथे तासभर बसतो की दोन मिनिटांत निघून जातो हे पाहून निर्णय घ्यावा लागतो. पुलावरून चालत जाणाऱ्यासाठी ३९ टक्क्यांचा अर्थ वेगळा आणि त्याच पुलावर टेबल-खुर्च्या मांडून बसवलेल्यांसाठी वेगळा.

समीकरणाच्या हद्दीही लक्षात ठेवाव्यात. आयएसओ ७७३० नुसार ते हवेच्या १० ते ३० आणि प्रारणाच्या १० ते ४० अंशांदरम्यान, आणि उत्तर −२ ते +२ च्या आत असेल तेव्हाच विश्वासार्ह मानतात. उदाहरणातली काच ३५ ऐवजी ६० टक्के ऊर्जा सोडणारी असती, तर प्रारण तापमान ४० च्या पलीकडे गेले असते. तेव्हा निघालेल्या +२.५ सारख्या आकड्याचा अर्थ ‘असह्य’ एवढाच घ्यावा. त्यावरून नेमकी टक्केवारी सांगू नये. दुसरी हद्द माणसांची. भारतीय कार्यालयांच्या पाहणीवरून अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी अनुकूलनाचे भारतीय प्रतिमान तयार केले. त्या अभ्यासात पीएमव्ही लोकांच्या प्रत्यक्ष कौलापेक्षा अधिक गरम उत्तर देतो असे आढळले. मात्र थेट ऊन आणि डोक्यावरची तापलेली काच यांची सवय होते, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

इमारत उभी राहिल्यावर मोजमाप करायचे, तर नेहमीचे साधन म्हणजे १५ सेंटीमीटर व्यासाचा काळा पोकळ गोळा आणि त्याच्या मध्यभागी तापमापक. अॅट्रियममध्ये तो तीन प्रकारे फसवतो. गोळा स्थिर व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे १६ मीटर उंचीच्या चौकात दुपारच्या सुमारास उन्हाचा पट्टा तेवढ्या वेळात दीड-दोन मीटर पुढे जातो आणि गोळा अर्धा वेळ उन्हात, अर्धा सावलीत राहतो. दुसरे, काळा रंग सूर्यप्रकाश सुमारे ९५ टक्के शोषतो, कपडे ७० टक्क्यांच्या आसपास. तिसरे, गोळा सर्व दिशांनी सारखाच दिसतो, पण उभा माणूस डोक्यावरच्या सूर्याला गोळ्याच्या मानाने एक तृतीयांशच सामोरा जातो. या सगळ्यामुळे माध्यान्हीच्या उन्हात काळा गोळा खूपच चढा आकडा दाखवतो. म्हणून सुमारे ४ सेंटीमीटर व्यासाचा राखाडी गोळा घेतात. तो लवकर स्थिर होतो आणि त्याचे शोषण कपड्यांच्या जवळ असते. विषमतेसाठी मात्र गोळा निरुपयोगी, कारण तो दिशा ओळखत नाही. त्यासाठी वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंचे प्रारण वेगवेगळे नोंदवणारा दुहेरी संवेदक लागतो. हवेचा तापमापक उन्हापासून झाकला नसेल, तर तोही हवेऐवजी ऊनच मोजत बसतो.

उपकरणे हाताशी नसली तरी दोष प्रारणाचा आहे की हवेचा, हे तक्रारींच्या स्वरूपावरून बरेच कळते. हवेचा दोष असेल तर मजल्यावरचे बहुतेक सगळे एकाच वेळी कुरकुरतात. प्रारणाचा असेल तर तक्रार ठरावीक खुर्च्यांवरून, ठरावीक वेळी येते, ढग आला की काही मिनिटांत थांबते आणि त्या सगळ्या काळात हवेच्या तापमानाची नोंद सरळ रेषेत असते.

उपायांचा क्रमही याच हिशोबातून निघतो. काचेच्या बाहेर लावलेल्या पट्ट्या किंवा जाळी सर्वांत प्रभावी, कारण त्या ऊन काचेपर्यंत पोचूच देत नाहीत. आत येणारे ऊनही घटते आणि काचही कमी तापते. आत येणारी ऊर्जा ३५ वरून १५ टक्क्यांवर आणली, तर स्वागतकक्षातली ८ अंशांची वाढ साडेतीनच्या खाली येते. आतून ताणलेल्या कापडी पडद्याची गोष्ट वेगळी आहे. तो थेट ऊन अडवतो, म्हणून तळमजल्यावरचा माणूस सुखावतो. पण अडवलेली ऊर्जा शोषून पडदा स्वतः तापतो, काचेहूनही अधिक तापू शकतो, आणि वरच्या पुलावरच्या माणसाच्या डोक्यावर आता काचेऐवजी तो तापलेला पडदा येतो. म्हणून असा पडदा लावण्यापूर्वी तळाच्या खुर्चीबरोबर सर्वांत वरच्या मजल्यावरची विषमताही पडद्याचे तापमान घालून पुन्हा काढावी लागते. पडद्याची वरची बाजू परावर्तक असेल आणि पडदा व काच यांच्यामधली गरम हवा बाहेर काढायची सोय असेल, तर हा तोटा बराच आटोक्यात येतो.